बावीस हजारांचं प्रायोजकत्व: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

एका महाविद्यालयाचा तीन दिवसांचा सांस्कृतिक महोत्सव. मी त्या वर्षी शिक्षक-समन्वयक होते. प्रायोजकत्वाचं काम दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीकडे होतं आणि हिशेब तिच्याच वर्गातल्या एका मुलाकडे. ओळख कळू नये म्हणून नावं आणि काही बारीकसारीक तपशील बदलले आहेत. पत्रांतला मजकूर आणि आकडे मात्र जसे होते तसेच ठेवले आहेत, कारण या प्रकरणात शिकण्यासारखं जे काही आहे ते आकड्यांतच आहे.

महोत्सवाला 19 दिवस उरले तेव्हा हिशेबात 30,000 रुपयांची तूट होती. शेवटच्या रात्रीच्या ध्वनी आणि प्रकाशव्यवस्थेचं दरपत्रक आलं होतं आणि त्यासाठी वेगळी तरतूदच नव्हती. मुलांनी आजूबाजूच्या 40 व्यावसायिकांना एकच पत्र पाठवलं. दोघांनी बोलावलं. त्यातला एक चष्म्याचं दुकान चालवणारा. दुकान महाविद्यालयापासून चालत दहा मिनिटांवर, आमची निम्मी मुलं तिथूनच चष्मे करतात. हे प्रकरण त्यांचं.

पहिलं पत्र

दीड पानाचं पत्र होतं. महोत्सवाची परंपरा, मागच्या वर्षीचे प्रमुख पाहुणे, मग ‘प्लॅटिनम 1,00,000, गोल्ड 50,000, सिल्व्हर 25,000’ असा तक्ता. प्रत्येक रकान्यात लोगो, बॅनर, घोषणा. खाली ठळक अक्षरांत ‘5,000 हून अधिक प्रेक्षक’. सगळ्यात वाईट म्हणजे तिसऱ्या परिच्छेदात ‘आपल्या जिमसारख्या नामांकित संस्थेने’ असं राहून गेलं होतं. मजकूर एका व्यायामशाळेसाठी लिहिला होता, आणि बाकीच्यांसाठी फक्त वरचं नाव बदललं होतं.

मालकांनी त्या ओळीवर बोट ठेवलं, पण ते चिडले नाहीत. ते अडले आकड्यावर.

“पाच हजार माणसं कुठून आणलीस, बाळ?”

“काका, तीन दिवसांची मिळून.”

“म्हणजे तीनदा आलेला मुलगा तीनदा मोजलास?”

ती परत आली आणि आम्ही मागच्या वर्षीचं प्रवेशद्वारावरचं रजिस्टर काढलं. पहिल्या दिवशी 620, दुसऱ्या दिवशी 710 आणि शेवटच्या रात्री 1,150 नोंदी होत्या. एकूण 2,480. म्हणजे माणसं तीनदा मोजूनही पाच हजार होत नव्हते. वाटलेले पास होते 1,340, आणि वेगवेगळी माणसं जास्तीत जास्त तेवढीच. पाच हजारांचा आकडा कुठून आला ते कुणालाच सांगता येईना. आधीच्या वर्षीच्या पत्रातून उचलला होता, त्याच्या आधीच्यांनी त्यांच्या आधीच्या पत्रातून.

पत्रात दुसरी एक खोट होती, ती मला तेव्हा दिसली नाही. मागणी आमच्या गरजेवरून ठरली होती. आमचे दिवे किती महाग आहेत याच्याशी चष्मेवाल्याला काय देणंघेणं?

मालकांचं गणित

दुसऱ्या भेटीला मी सोबत गेले. मालकांनी बिलबुक पालथं घालून मागच्या बाजूला पेन्सिलीने हिशेब मांडला. एका साध्या चष्म्यामागे, फ्रेम आणि काचांची खरेदी वजा जाता, त्यांच्या हातात सरासरी 700 रुपये उरत. विद्यार्थ्यांना 200 रुपयांचं सवलत कूपन द्यायचं तर राहतात 500. आम्ही 30,000 मागितले तर त्यांना निव्वळ बरोबरीत यायला 60 नवे चष्मे विकले जायला हवेत.

“साठ मुलं माझ्याकडे येतील अशी काही युक्ती असेल तर बोलू,” ते म्हणाले. “नाहीतर मी देणगी देतो, हजार रुपये. पावतीही नको.”

प्रायोजकत्व आणि देणगी यांतला फरक इतका नेमका मला आजवर कुणी सांगितला नव्हता. देणगी मागताना आपली गरज सांगावी लागते. प्रायोजकत्व मागताना समोरच्याच्या 60 चष्म्यांबद्दल बोलावं लागतं.

दुसरं पत्र

महोत्सवाला 14 दिवस असताना हे पत्र गेलं. एका पानाच्या आत होतं, फक्त याच दुकानासाठी लिहिलेलं.

विषय: महोत्सवात नेत्रतपासणी स्टॉल व प्रसिद्धीसाठी 30,000 रुपयांच्या प्रायोजकत्वाची विनंती

महोदय,
आमच्या महोत्सवाला मागच्या वर्षी 1,340 पासधारक होते आणि तीन दिवसांत मिळून 2,480 वेळा प्रवेश झाला. यंदाही साधारण तेवढीच उपस्थिती अपेक्षित आहे. शेवटच्या रात्रीच्या ध्वनी व प्रकाशव्यवस्थेसाठी आम्ही आपल्याकडे 30,000 रुपयांची विनंती करत आहोत. त्या बदल्यात आम्ही पुढील गोष्टी देऊ:
1. मुख्य रस्त्यालगत दोन दिवस 10 बाय 10 फुटांचा स्टॉल, वीजजोडणीसह: 12,000
2. रंगमंचाच्या मागील पडद्यावर लोगो: 8,000
3. सहभागी स्पर्धकांच्या किटमध्ये आपली 600 कूपन: 5,000
4. दोन्ही दिवशी रंगमंचावरून प्रत्येकी दोन घोषणा आणि महोत्सवाच्या समाजमाध्यमांवर दोन पोस्ट: 5,000
महोत्सव संपल्यापासून सात दिवसांत छायाचित्रांसह अहवाल देऊ. रक्कम महाविद्यालयाच्या खात्यात स्वीकारली जाईल व अधिकृत पावती मिळेल. आपला निर्णय येत्या चार दिवसांत कळला तर पडद्याच्या छपाईत लोगो घेता येईल.

बाबवार किंमत घालण्यावर मुलांमध्ये वाद झाला होता. खजिनदाराचं म्हणणं, सुटे भाव दाखवले की लोक काटछाट करतात. त्याचं खरं ठरलं, आणि तेच आमच्या पथ्यावर पडलं.

समोर आलेले पर्याय

मालकांचा निरोप आला: 20,000 देतो, चारही गोष्टी द्या. शिवाय सगळ्या पासधारकांचे फोन नंबर हवेत.

फोन नंबरांचा विषय मी तिथेच संपवला. मुलांनी नंबर पाससाठी दिले होते, चष्म्याच्या जाहिरातीसाठी नव्हे. त्याऐवजी स्टॉलवर एक वही ठेवायचं ठरलं. ज्याला दुकानाचे संदेश चालतील त्याने स्वतःच्या हाताने त्यात नंबर लिहायचा. मालक कुरकुरले, पण तयार झाले.

रकमेबाबत चार वाटा होत्या. 20,000 घेऊन सगळं देणं सर्वांत सोपं होतं, पण मग दुसऱ्या प्रायोजकाला आमच्या दराचा काय अर्थ उरणार? 30,000 वर अडून बसायचं तर हातात दिवस नव्हते. तिसरी वाट खजिनदाराला भारी आवडली: आता 20,000 आणि 60 चष्म्यांच्या वर विक्री गेली तर आणखी 10,000. मी विरोध केला. विक्री त्यांच्या गल्ल्यावर होणार, मोजणार ते, कारागीर त्यांचे, फ्रेमचे दर त्यांचे. ज्या गोष्टीवर आपला हात चालत नाही तिच्यावर आपले पैसे टांगू नयेत, आणि नंतर त्यांचं बिलबुक तपासायला जाण्याइतका कडूपणाही नको.

चौथी वाट पत्रानेच दिली होती. भाव तोच ठेवून एक बाब गाळायची. विद्यार्थिनीने त्यांना विचारलं, “काका, या चारांतलं कुठलं नको?” त्यांनी क्षणभरही विचार न करता पडद्यावरचा लोगो खोडला. “तिकडे लोक नाच बघतात, मागे काय लिहिलंय ते कोण वाचतंय?” राहिले 22,000. त्यातले 12,000 आधी आणि 10,000 अहवाल मिळाल्यावर.

पडद्यावरची ती जागा आम्ही दुसऱ्या कुणाला विकू शकलो नाही. 8,000 ची तूट राहिली आणि शेवटच्या रात्री दिवे कमी लावले. फरक कुणाच्या लक्षातही आला नाही, हे जाता जाता सांगून ठेवते.

पैसे घेताना एक अडचण आली. मुलांना पहिला हप्ता खजिनदाराच्या वैयक्तिक खात्यावर हवा होता, कारण ध्वनीवाल्याला लगेच आगाऊ रक्कम द्यायची होती. मालकांना मात्र हा खर्च जाहिरात म्हणून वहीत दाखवायचा होता आणि त्यासाठी संस्थेच्या नावाचा कागद लागणार होता. मी महाविद्यालयाच्या खात्याचाच आग्रह धरला. कराचं काय लागू होतं ते लेखापालांनी बघितलं. यात चार दिवस गेले. ध्वनीवाला खवळला, पण ते चार दिवस गेले याचं मला आजही वाईट वाटत नाही.

प्रत्यक्ष काय घडलं

पहिल्या दिवशी सकाळी जनरेटरवाला आला आणि त्याने गाडी नेमकी मुख्य रस्त्यालगतच्या स्टॉलच्या जागी लावली. केबल तिथूनच पुढे पोचत होती. सुरक्षा पाहणाऱ्या चमूने चष्म्याचा स्टॉल वाहनतळाच्या बाजूला, जनरेटरच्या पाठीमागे हलवला. आम्हाला कुणी विचारलं नाही. त्यांच्या नकाशावर सगळे स्टॉल सारखेच होते; कुठल्या स्टॉलचे पैसे घेतले आहेत याची त्यांना कल्पनाच नव्हती.

खरी गोची वेगळीच निघाली. डोळे तपासण्याचा अक्षरांचा नेहमीचा तक्ता 6 मीटरवरून वाचायचा असतो. आमचा 10 बाय 10 फुटांचा स्टॉल म्हणजे जेमतेम 3 मीटर. अशा जागेत आरसा लावून अंतर दुप्पट करतात किंवा कमी अंतराचा तक्ता वापरतात. मालकांचा माणूस यातलं काहीच आणून बसला नव्हता, कारण आम्ही मापं दिली होती फुटांत आणि त्यांनी ती नीट पाहिलीच नव्हती. मग त्याने तक्ता बाहेर पलीकडच्या झाडाला टांगला. वाहनतळाकडे जाणारी माणसं मधून येऊ-जाऊ लागली. एक मुलगी डावा डोळा झाकून चौथी ओळ वाचत होती, आणि दर दोन अक्षरांनी तिच्या आणि तक्त्याच्या मधून एक मोटारसायकल जात होती. संगणकावर नंबर काढणाऱ्या यंत्राचं तर आणखी बिनसलं. जनरेटरवरची वीज वरखाली होत होती आणि यंत्र दर थोड्या वेळाने बंद पडून पुन्हा सुरू होत होतं.

शिवाय वेळ. गर्दी यायची संध्याकाळी सहानंतर, तेव्हा तिकडे पुरेसा उजेड नसे आणि ढोल-ताशात समोरच्याचं बोलणं ऐकू येत नसे. नीट तपासणीला माणशी काही मिनिटं लागतात. नटूनथटून नाचाला निघालेला मुलगा तेवढा वेळ खुर्चीत बसत नाही.

घोषणांचं सांगायचं तर चारांपैकी दोनच झाल्या. पहिल्या दिवशी निवेदकाच्या हातात यादीच पोचली नव्हती. पोस्ट मात्र दोन्ही वेळेवर गेल्या.

दोन दिवसांत 71 तपासण्या झाल्या. तिसऱ्या दिवशी मालकांचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे जास्तच बोचला. “मॅडम, उरलेल्या दहाचं आपण बोलू.”

दुसरा हप्ता

इथे मुलांचे दोन तट पडले. एक म्हणत होता, स्टॉल दिला, वीज दिली, कूपनं वाटली. जागा थोडी सरकली म्हणून काय झालं? दुसरा म्हणत होता, गेले दहा हजार, विषय संपवा. पत्रात ‘मुख्य रस्त्यालगत’ असं आम्हीच लिहिलं होतं, त्यामुळे पहिल्या तटाला पाय ठेवायला जागा नव्हती. पण काही बिघडलं तर काय करायचं हे पत्रात कुठेच नव्हतं, म्हणून मालकांनाही किती कापायचे ते ठरवता येत नव्हतं.

आम्ही अहवाल आधी पाठवला, आणि त्यात झालेल्या गोष्टींइतक्याच ठळकपणे न झालेल्या गोष्टी लिहिल्या: जागा बदलली, दोन घोषणा झाल्या नाहीत. जनरेटरसह स्टॉलचं छायाचित्रही जोडलं. विद्यार्थिनीला ते छायाचित्र घालायची लाज वाटत होती. पण मालक ते रोज डोळ्यांनी बघून गेले होते. लपवून आमचंच हसं झालं असतं. मग भरपाई म्हणून प्रस्ताव ठेवला: महोत्सवानंतर पंधरा दिवसांनी, साध्या कामाच्या दिवशी, ग्रंथालयाखालच्या लांब व्हरांड्यात एक दिवस तपासणी. भाडं नाही. मालक म्हणाले, आधी तो दिवस होऊ दे.

व्हरांडा 20 मीटर लांब. तक्त्याला हवं तेवढं अंतर मिळालं, वीज स्थिर होती, आणि मुलं तासांच्या मधल्या सुट्टीत रांगेत उभी राहिली. सकाळी दहा ते चार या वेळात 96 तपासण्या झाल्या. मालक संध्याकाळी स्वतः आले, वही चाळली आणि दुसऱ्या दिवशी 10,000 जमा केले.

निकाल

कूपनं दोन रंगांची होती. पांढरी 600 स्पर्धकांच्या किटमध्ये, पिवळी स्टॉलवर तपासणी झालेल्यांना. रंग वेगळे ठेवण्यामागे काही योजना नव्हती. छापखान्यात पांढरा कागद संपला म्हणून उरलेली पिवळ्यावर छापली. व्हरांड्यातल्या दिवशी विद्यार्थिनीने पिवळ्या कूपनांच्या मागे पेनाने ‘2’ लिहिलं. ते मात्र तिच्या डोक्यातून आलं होतं.

60 दिवसांत 31 कूपनं दुकानात आली. पांढरी 600 पैकी 3. महोत्सवातल्या 71 तपासण्यांतून 8. व्हरांड्यातल्या 96 तपासण्यांतून 20.

पांढऱ्यांचं कारण नंतर लक्षात आलं आणि कपाळावर हात मारून घेतला. किट मिळतं स्पर्धकांना, आणि स्पर्धक बहुतेक बाहेरगावच्या महाविद्यालयांचे. ते दुसऱ्या दिवशी गाडीत बसून घरी जातात. परगावच्या मुलाला आमच्या इथल्या दुकानाचं कूपन देऊन त्याचे 5,000 आम्ही हिशेबात लावले होते, आणि देताना-घेताना कुणालाच ते खटकलं नाही.

31 चष्मे गुणिले 500 म्हणजे 15,500. मालकांनी दिले 22,000. त्यांचे 6,500 अंगावर पडले, कामगारांचा वेळ वेगळाच. पुढे ही मुलं पुन्हा त्यांच्याकडेच येतील, हा हिशेब धरायचा की नाही हे ज्याने त्याने ठरवावं. मालक धरत होते.

पुन्हा करायचं तर

पत्र दोन महिने आधी द्यावं. 19 दिवसांत घाई झाली आणि आमची बाजू त्यामुळेच लंगडी पडली. मालकांना सवड मिळाली असती तर त्यांचा माणूस एकदा जागा बघून गेला असता आणि 3 मीटरची अडचण पहिल्याच दिवशी कळली असती. प्रायोजकाला स्टॉल देताना त्याच्या कामाला किती जागा, कसली वीज आणि किती शांतता लागते हे विचारायला पाच मिनिटं लागतात. आम्ही ते विचारलंच नाही, कारण आमच्या डोक्यात स्टॉल म्हणजे टेबल आणि दोन खुर्च्या.

पत्रात एक ओळ वाढवावी: ठरलेली जागा वा घोषणा देता आली नाही तर त्या बाबीची रक्कम दुसऱ्या हप्त्यातून वजा होईल. बाबवार भाव आधीच होते, त्यामुळे ही ओळ घालणं सोपं होतं. ती असती तर मालकांनी दहा हजार अडवले नसते आणि व्हरांड्यातला दिवसही झाला नसता, हेही खरं. कधी कधी कागदातली उणीव उपयोगी पडते, पण तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही.

पैसे घेतलेल्या स्टॉलांची यादी सुरक्षा आणि जनरेटर पाहणाऱ्यांकडे गेली पाहिजे, नकाशावर वेगळ्या रंगाने. निवेदकाला घोषणा आठवणीवर सोडू नयेत. कार्यक्रमपत्रिकेतच त्या वेळेसह लिहाव्यात, दोन नृत्यांच्या मधोमध.

एका गोष्टीबद्दल माझं मत अजून पक्कं झालेलं नाही. विक्रीशी जोडलेली रक्कम मी नाकारली, आणि तेव्हाचं कारण मला आजही पटतं. पण रंगीत कूपनांमुळे मोजणी आम्हालाही करता आली असती, हे नंतर कळलं. पन्नासच्या पुढच्या प्रत्येक कूपनामागे 100 रुपये, असं काही छोटं ठरवलं असतं तर मुलांनी स्टॉलकडे जास्त लक्ष दिलं असतं का? कदाचित. किंवा त्यांनी मित्रांना जबरदस्तीने चष्मे करायला लावले असते.

पुढच्या वर्षी महोत्सवाच्या तीन महिने आधी मालकांचाच फोन आला. “महोत्सव नको मॅडम. मला तो व्हरांडा दोन दिवस द्या, परीक्षेच्या आधी. पंधरा हजार देतो.” नवीन चमू खूश झाला, कारण तुटीचे पहिले 15,000 घरबसल्या मिळत होते. मी कागद घेऊन प्राचार्यांकडे गेले. वर्ग चालू असतानाच्या तपासणीचे पैसे महोत्सवाच्या खात्यात कसे घालायचे, असं त्यांनी विचारलं. व्हरांडा सांस्कृतिक समितीचा नव्हता, ग्रंथालयाचा होता. आणि ग्रंथपालांनी तोवर त्या पंधरा हजारांत नव्या खुर्च्या बसवायचं ठरवूनही टाकलं होतं.